फुटपाथकडचा ड्रायव्हर

ओट्यावरच्या जाळीतून स्टीलचं झाकण निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. आधी मोठ्याने, मग घाईघाईने, मग नुसतंच कुरकुरत. दुपारच्या शांततेत ते काही केल्या थांबेना. मी धावत जाऊन पायाने दाबून धरलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"आई?"

मुंगी उठली. पाच वर्षांची आमची लेक. झोपते अर्धवट आणि उठते पूर्ण. केस उभे, गालावर उशीची घडी, हातात पांघरूण ओढत दारात हजर.

"झोप की गं अजून थोडं."

"झाकण झोपू देत नाही," म्हणाली आणि सरळ मांडीवर येऊन बसली. मांडीवर ती, टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाची तरी लेक.

माझं काम फोटो तपासायचं. वर्तमानपत्रांना, कधी विमा कंपन्यांना, कधी वकिलांना एखादा फोटो खरा आहे का, कुठला आहे, कधीचा आहे, हे हवं असतं. मुंगी व्हायच्या आधी मी हे ऑफिसात बसून करायचे, आता घरून करते. म्हणजे मुंगी झोपली की, सासूबाई तिला बागेत घेऊन गेल्या की, नाहीतर ती कार्टून बघते तेव्हा. चोरीचा मामला. सासूबाई म्हणतात, "सूनबाईचं ऑफिस म्हणजे मांजराचं दूध. डोळे मिटून, घाईघाईत."

समोरचा फोटो वकीलबाईंनी पाठवला होता. फोटोत सात वर्षांची एक मुलगी होती. लोकरीची निळी टोपी, गळ्यात मफलर, पुढचा एक दात पडलेला, हात लांब करून स्वतःच स्वतःचा फोटो काढताना हसतेय. मागे एक सरळ लांब जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कडेला लोटलेला बर्फ, गाड्या, उंच इमारती, आणि डोळ्यांवर येणारं ऊन. दुकानांच्या पाट्या उन्हात पांढऱ्याफटक झालेल्या, एक अक्षर वाचता येईल तर शपथ.

त्या मुलीला तिचे बाबा सुट्टीत चार दिवस फिरायला म्हणून घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. आईबापांचं आधीच फाटलेलं होतं, मुलगी आईकडे राहील असा कोर्टाचा हुकूमही झालेला. फोन बंद, घर रिकामं, नोकरी सोडलेली. कुठे गेले ते सासरचं कुणी सांगेना. आत्याने एक दिवस हा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावला आणि थोड्याच वेळात काढूनही टाकला. तेवढ्यात एका चुलत बहिणीने स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. मूळ फोटोत दडलेली माहिती, जागा, वेळ, सगळं त्यात पुसलं गेलेलं. उरलं होतं फक्त दिसतं तेवढं.

परवा कोर्टात तारीख होती. न्यायाधीशांनी मागच्या वेळीच विचारलं होतं, "नोटीस पाठवायची, पण कुठल्या देशात?" देशाचं नाव नसेल तर नोटीस जाणार कुठे? आणि चुकीच्या देशात गेली तर दुप्पट वाईट. ती महिनोन् महिने फिरून कोरीच परत येईल. तोवर त्या माणसाला कानोकानी कळेल की आपला शोध सुरू झालाय, आणि तो तिथूनही हलेल.

म्हणूनच वकीलबाईंना माझ्याकडून सही केलेला छोटा अहवाल हवा होता. त्यांनी तर देशही ठरवून टाकला होता. जपान. आणि खरं सांगायचं तर, त्यात माझाही हात होता.

आदल्या दिवशी फोनवर त्यांनी घाईत विचारलं, "पहिल्या नजरेत काय वाटतं गं?" आणि मी मुंगीच्या शाळेच्या दारात उभी राहून, फोटो मोबाइलवरच बघून म्हटलं होतं, "गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालल्यात. आपल्यासारख्याच. डावीकडून गाड्या चालवणारे देश जगात कमी, आणि त्यात शहरात इतका बर्फ पडणारे तर अगदीच मोजके. गाड्याही जपानी बनावटीच्या दिसतायत. जपान असू शकतं."

"अगदी बरोबर! तो आधी जपानी कंपनीतच होता, भाषाही येते त्याला. झालं तर मग!"

"असू शकतं म्हटलंय मी, बाई."

"हो हो, तेच," म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी अर्ज टाइप करायला दिला.

आता घरी, मोठ्या पडद्यावर, मी ते पहिल्यापासून पुन्हा करत होते. लांब जाणाऱ्या रस्त्याच्या फोटोत बाजू ओळखायची रीत सोपी असते. दिवे आपल्याकडे करून येणाऱ्या गाड्या कुठे आहेत ते बघायचं. त्या फोटोच्या उजव्या अंगाला असतील आणि पाठ करून जाणाऱ्या डाव्या अंगाला, तर वाहतूक डावीकडून. उलट असेल तर उजवीकडून. कडेला उभ्या असलेल्या गाडीला मात्र कधी साक्षीला धरायचं नाही. तिला कुणी कसंही तोंड करून लावतं. चालणारीच गाडी हवी.

इथे उजव्या अंगाला तीन गाड्या दिवे लावून येत होत्या. डाव्या अंगाला लाल मागचे दिवे. डावीकडून. काल बरोबरच सांगितलं होतं.

"आई, हिचा दात पडलाय," मुंगी म्हणाली.

"हो."

"माझा कधी पडणार?"

"पडेल. घाई काय आहे तुला?"

मी येणाऱ्या गाड्यांपैकी पहिली मोठी केली. पांढरी, चौकोनी. काचेमागे ड्रायव्हरचा काळसर आकार, आणि स्टिअरिंगवर हातमोज्यातला हात. मी पुढच्या गाडीवर जाणार इतक्यात थबकले.

ड्रायव्हर फुटपाथकडे बसला होता.

म्हणजे बघा. जिथे गाड्या डावीकडून चालतात, तिथे स्टिअरिंग उजवीकडे असतं. जिथे उजवीकडून चालतात, तिथे डावीकडे. कारण एकच: ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसला पाहिजे, म्हणजे समोरून येणारं वाहन त्याला नीट दिसतं. या गाडीत ड्रायव्हर मधल्या रेषेकडे नव्हता. तो लोटलेल्या बर्फाच्या ढिगाकडे होता, कडेला चिकटून.

एखादी गाडी अशी असू शकते. हौशी माणसं बाहेरच्या देशातून उलट्या स्टिअरिंगची गाडी आणून मिरवतात. म्हणून दुसरी गाडी मोठी केली. तिच्या काचेवर ऊन होतं, काही दिसेना. तिसरी टॅक्सी असावी, छपरावर पिवळी पट्टी होती. तिचाही ड्रायव्हर कडेला.

टॅक्सीवाला काही हौसेने उलटी गाडी चालवत नाही. ज्या गावात ती चालते, तिथे तशाच गाड्या असणार.

"सासूबाई!" मी हाक मारली. "मुंगीला जरा घ्याल का?"

"घेते. पण दूध कोण बघणार? उतू चाललंय ते."

दूध मी बंद केलं, मुंगी त्यांनी उचलली, आणि मी वकीलबाईंना फोन लावला.

"अर्ज थांबवा."

"काय?"

"जपान नाहीये ते."

त्या म्हणाल्या, "अगं बाई, पूर्ण अर्ज टाइप झालाय. सतरा पानं. तू काल गाड्या डावीकडून म्हणालीस, आज काय गाड्या हवेतून चालल्यात?"

"गाड्या डावीकडूनच दिसतायत. पण ड्रायव्हर चुकीच्या जागी आहे. फोनवर नाही सांगता येणार. मी येते. आणि तिच्या आईला बोलावून घ्या."

"सिस्टरला? ती ड्यूटीवर असेल."

"मग ड्यूटीवरून बोलवा. तिला एक विचारायचंय, आणि फोटो समोर नसताना विचारायचंय."

सिस्टर म्हणजे त्या मुलीची आई. इस्पितळात नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या खोलीत नर्स. दिवसभर दुसऱ्यांची बाळं तोलायची, गुंडाळायची, आयांच्या हातात द्यायची. वकीलबाईंच्या ऑफिसात ती माझ्याआधीच पोचली होती. पांढरा गणवेश, वर घाईत चढवलेलं स्वेटर, बूटही बदललेले नव्हते. मला बघून उठून उभी राहिली.

"ताई, काही वाईट आहे का?"

"नाही. बसा. फक्त एक सांगा, लेकीच्या चेहऱ्यावर काही खूण आहे? तीळ, व्रण, काहीही. फोटो बघू नका, आठवून सांगा."

तिला आठवावं लागलं नाही. तिने सरळ स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "इथे. डाव्या गालावर तीळ. पाजताना मी त्याच्यावर बोट ठेवायचे, तर दूध प्यायचं सोडून हसायची."

मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर धरला. तिने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तिचा हात हळूच स्वतःच्या दुसऱ्या गालावर गेला.

"हा तर उजव्या..." ती म्हणाली. "मी रोज बघते हा फोटो. उठता बसता बघते. मला सारखं वाटायचं, हिचा चेहरा बदललाय. म्हटलं, दूर गेली, वाढली, माझ्याशिवाय राहायला शिकली, म्हणून अनोळखी दिसते." 

"चेहरा तसाच आहे," मी म्हटलं. "फोटो उलटा आहे. बऱ्याच फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढला की तो आरशात दिसतो तसाच साठवला जातो. डावं ते उजवं, उजवं ते डावं. तीळही दुसऱ्या बाजूला गेला आणि रस्ताही."

वकीलबाई टेबलापलीकडून चष्म्याच्या वरून बघत होत्या. "म्हणजे गाड्या उजवीकडून? मग सरळ उलटून टाक की तो. जपान नाही तर उजवीकडचे बाकीचे सगळे देश. कप्पाळ! आधी चार होते, आता शंभर झाले."

"नाही झाले. तुमची पर्स द्या."

"माझी पर्स कशाला?"

"आरसा असेल ना त्यात."

"वकील झाले म्हणून काय बाईपण सोडलं की काय मी?" असं म्हणत त्यांनी छोटा गोल आरसा काढून दिला.

त्यांच्या टेबलावर एक फूटपट्टी होती. ती मी मधोमध, माझ्याकडून त्यांच्याकडे सरळ जाईल अशी ठेवली. ही रस्त्याची मधली रेषा. उजवीकडे पंचिंग मशीन, डावीकडे स्टेपलर, दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. या दोन गाड्या. पंचिंग मशीनवर, मधल्या रेषेपासून लांबच्या बाजूला, मी एक टाचणी ठेवली. हा फोटोतला ड्रायव्हर, फुटपाथकडचा. मग आरसा टेबलाच्या बाजूच्या कडेला उभा धरला.

"आता आरशात बघा. गाड्यांची बाजू बदलली?"

"बदलली. डावीकडची उजवीकडे दिसतेय."

"आणि ड्रायव्हर कुठे आहे? पट्टीकडे आला का?"

वकीलबाई वाकल्या. सिस्टरही वाकली. दोघींची डोकी एकमेकींना लागली.

"नाही," सिस्टर म्हणाली. "तो कडेलाच आहे."

"तेच. आरसा डावं-उजवं बदलतो. मध्य आणि कड नाही बदलत. फोटो सुलटा असो की उलटा, या गावात ड्रायव्हर कडेला बसतात हे पक्कं. आणि जगात अशी गावं फार थोडी आहेत. तीळ सांगतो की फोटो उलटा. म्हणजे खऱ्या रस्त्यावर गाड्या उजवीकडून चालतात, आणि स्टिअरिंगही उजवीकडे. जपानमधून वापरलेल्या गाड्या ढिगाने विकत घेणारा देश, पण जपानसारखा डावीकडून न चालणारा."

"आणि तीळ खोटा ठरला तर?" वकीलबाईंनी विचारलं. त्या वकीलच शेवटी. "समोरचा वकील म्हणेल, आईला काय आठवतं, शाई लागली असेल गालाला."

"मग डावीकडून चालणारा आणि स्टिअरिंगही डावीकडे असलेला देश शोधा. अशी उष्ण समुद्रातली एखाददोन बेटं आहेत. तिथे बर्फ मिळतो, पण सरबतात."

वकीलबाई हसल्या. हसता हसताच त्यांनी टाइप केलेला अर्ज ओढला आणि पहिल्या पानावरच्या जपानवर आडवी रेघ मारली. "नावं सांग."

"म्यानमारमध्ये असं आहे. गाड्या उजवीकडून, स्टिअरिंग बहुतेकांचं उजवीकडे. पण तिथल्या शहरात असा बर्फ नाही. मग रशियाचं अगदी पूर्वेचं टोक, जपानच्या समोरचं. तिथेही जपानी गाड्या भरपूर. आणि मंगोलिया. इतर एखाददुसरीकडे थोड्याफार असतील, पण रस्त्यावर टॅक्सीसकट सगळ्याच अशा दिसाव्यात, आणि वर एवढा बर्फ, तर ही दोन नावं आधी."

"दोन नावं कोर्टात चालत नाहीत. एक हवं."

"एक मी देऊ शकत नाही. फोटोत जे नाही ते मी लिहिणार नाही."

"काल 'असू शकतं' म्हणताना बरी जीभ सैल होती!"

"म्हणूनच आज आवळलीय."

सिस्टर टेबलावरच्या टाचणीकडे बघत होती. "ताई," ती हळू म्हणाली, "मंगोलियात खाणी असतात का हो?"

"असतात. तांब्याच्या, कोळशाच्या, मोठमोठ्या. का?"

"हिचे बाबा खोदायच्या यंत्रांचे इंजिनिअर. ते डोंगर खातात ना, ती राक्षसी यंत्रं. जपानी कंपनीतही तेच काम होतं. त्यांचा एक मित्र आहे, बरोबर नोकरीला होता. त्याला मी किती वेळा विचारलं, ते कुठे आहेत? दर वेळी एकच, वहिनी, मला खरंच काही माहीत नाही. गोड बोलतो आणि फोन ठेवतो."

"कुठे आहेत असं विचारलं की माणूस गप्प बसतो," वकीलबाई म्हणाल्या. "आम्ही साक्षीदाराला तसं विचारतच नाही. आपल्याला ठाऊक आहे असं धरून पुढचं विचारायचं." त्यांनी फोन सिस्टरकडे सरकवला. "विचारतेस? खोटं काही बोलायचं नाही. फक्त कुठे आहेत असं विचारायचं नाही."

सिस्टरने फोन उचलला. रोज हातभर तारांमधून बोटभर बाळं उचलणारे ते हात. तिने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"भावजी, मी बोलतेय."

"वहिनी, बोला. बऱ्या आहात ना? पण हे बघा, मला त्याचं काही..."

"मी काही विचारत नाहीये. एक निरोप होता. मंगोलियात आता थंडी किती वाढेल, मला काळजी वाटते. तिला घशाचा त्रास आहे ना, लहानपणापासून. टोपीने कान झाकले जात नाहीत तिचे."

वकीलबाईंनी पेन हवेत धरून ठेवलं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच वेगळा झाला होता, "घरात हीटर चांगला आहे हो. शाळेची बस दारात येते. मी सांगितलंय त्याला, हे बरोबर नाही म्हणून. पोरीला कानटोपी घ्यायला सांगतो मी. तुम्ही... तुम्हाला कळलं कसं?"

"रस्त्यावरून," सिस्टर म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती रडली. त्याआधी नाही. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसऱ्या हाताने अर्जावर मंगोलिया लिहिलं. लिहिताना पुटपुटल्या, "सतरा पानं पुन्हा टाइप करायला सांगितली तर टायपिस्ट मला त्या खाणीत पुरेल."

मी घरी येऊन अहवाल लिहिला. मुंगी पायाशी रंगीत खडूंनी फरशी रंगवत होती, सासूबाई "अगं ती फरशी आहे, कागद नाही" म्हणत होत्या आणि तिला नवा खडूही देत होत्या. मी लिहिलं: येणाऱ्या तीन वाहनांपैकी दोनांत चालक दिसतो, दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेकडे. फोटो उलटा असल्याची शक्यता मोठी, कारण तीळ. म्हणून वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. बर्फ धरता सर्वांत संभवनीय देश दोन, त्यांपैकी एकाला अन्य पुरावा दुजोरा देतो. शेवटी लिहिलं की निव्वळ फोटोवरून एकच देश ठामपणे सांगता येत नाही. ते वाक्य काढून टाक, असा वकीलबाईंचा फोन आला. मी नाही काढलं.

कोर्टात सरकारी वकिलाने नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. म्हणाला, या बाईंनाच खात्री नाही. न्यायाधीशांनी मला उभं केलं. मी पुन्हा फूटपट्टी, पंचिंग मशीन आणि आरसा मागितला. शिपाई हसू दाबत घेऊन आला. न्यायाधीश आरशात बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ज्या साक्षीदाराला आपण कुठवर सांगू शकतो हे कळतं, तिच्यावर विश्वास ठेवायला मला अडचण नाही." नोटीस मंगोलियातल्या आपल्या वकिलातीमार्फत पाठवायचा हुकूम झाला.

वकिलातीने पत्ता शोधून काढला आणि नोटीस पोचली. त्या घराच्या दारात पोचली, जिथे शाळेची बस येते. त्याने आधी वकील लावला, मग वकिलानेच त्याला समजावलं असावं, कारण हट्ट ताणायच्या ऐवजी त्याने कळवलं की मुलीला शाळेची सहामाही संपली की परत आणून सोडतो. तोवर आईला रोज व्हिडिओवर बोलू द्यायचं.

पहिल्या कॉलनंतर सिस्टर आमच्या घरी आली. पेढ्यांचा पुडा वगैरे काही नाही, मुंगीसाठी इस्पितळातला एक मोकळा पुठ्ठ्याचा खोका, बाळांच्या टोप्या येतात तो. मुंगीला त्याहून मोठी भेट कुठली? लगेच आत जाऊन बसली.

"काय म्हणाली लेक?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, आई, तू उलटी दिसतेस." सिस्टर हसली. "घाईत मी फोनच उलटा धरला होता. मग म्हणाली, इथे मला मैत्रीण आहे, तिच्या घरात मांजर आहे. मग म्हणाली, बाबांनी मला बर्फावर घसरायला शिकवलं. मग बाबाच रडायला लागले, तर तिने फोन बंद केला."

"माणसाचं काही सांगता येत नाही बाई," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

सिस्टर गेल्यावर मुंगी खोक्यातून डोकं वर काढून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. असं शिजत असलं की ती खालचा ओठ दाताखाली धरते.

"ती मुलगी सापडली?"

"सापडली."

"बाबांकडे होती?"

"हो, बाबांकडे."

"आणि आता आईकडे येणार."

"हो. शाळा संपली की."

तिने खोक्याच्या कडेवर हनुवटी टेकवून विचारलं, "मग आता तिचे बाबा तिला शोधणार?"